कॅनडाच्या स्पाउस व्हिसासाठी चॅटचा पुरावा: हजारो मेसेजमधून दहा पानं कशी काढायची

लग्न झालं, नवरा ब्रॅम्प्टनला परत गेला, बायको साताऱ्यात राहिली आणि आता स्पॉन्सरशिपचा अर्ज भरायचा आहे. अशा जोडप्यांच्या फायली मी बऱ्याचदा बघते. लग्नाचा दाखला, फोटो, पासपोर्टच्या प्रती सगळं नीट लावलेलं असतं. चॅटच्या बाबतीत मात्र दोनच प्रकार दिसतात. एक तर दीडशे पानांचा गठ्ठा, ज्यात निम्मी पानं ‘गुड मॉर्निंग’ची, नाहीतर घाईघाईत काढलेले दहा-बारा स्क्रीनशॉट, ज्यांच्यावर तारीखही धड दिसत नाही.

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची `IMM 5533` ही तपासयादी चॅट, ईमेल, पत्रं हे सगळं मिळून जास्तीत जास्त दहा पानं मागते. म्हणजे काम साठवण्याचं नसून निवडीचं आहे. अर्ज भरायच्या दिवशी संकेतस्थळावरून यादीची ताजी प्रत उतरवून घ्या आणि तुमच्या परिस्थितीला कोणता भाग लागू होतो ते आधी बघा. खाली जे सांगितलं आहे ते सध्या वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या नवराबायकोसाठी आहे. तुम्ही एकत्र राहत असाल तर चॅटपेक्षा भाडेकरार आणि संयुक्त खात्यासारखी कागदपत्रं जास्त कामाची.

## आधी हे समजून घ्या: दहा पानांनी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत

कॅनडाच्या नियमांतलं कलम 4(1) अधिकाऱ्याला दोन गोष्टी तपासायला सांगतं. हे लग्न मुख्यतः कॅनडात येण्यासाठी केलं का, हा पहिला प्रश्न. हे नातं आज खरं आहे का, हा दुसरा. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर विरोधात गेलं तर अर्ज फेटाळता येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लग्नाआधीच्या चॅटमध्ये असतं: ओळख कशी झाली, एकमेकांना काय विचारलं, होकार कसा ठरला. दुसऱ्याचं उत्तर लग्नानंतरच्या, विशेषतः लांब राहतानाच्या चॅटमध्ये असतं. बहुतेक जण साखरपुडा ते लग्न या काळातल्या गोड गप्पांनी पानं भरतात आणि नवरा परत गेल्यानंतरच्या दहा महिन्यांना एक पान देतात. साखरपुडा ते लग्न हा काळ तर फोटोंमधूनही दिसतोच. खरी गरज लग्नानंतरच्या काळाची असते, कारण त्या काळाचे एकत्र फोटो नसतात.

## 1. काहीही निवडण्याआधी मूळ चॅट सुरक्षित करा

हे सगळ्यात आधी, अगदी आज करा. व्हॉट्सॲपवर ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर लगेच बंद करा. गेलेले मेसेज परत येणार नाहीत, पण पुढचे तरी राहतील.

मग पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. अँड्रॉइडवर चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून `More` आणि मग `Export chat`. आयफोनवर वर नावावर टॅप केलं की खाली `Export Chat` दिसतं. फोटोंशिवाय एक्स्पोर्ट केलं तर शेवटचे सुमारे 40,000 मेसेज येतात, फोटोंसह केलं तर 10,000. म्हणून ‘फोटोंशिवाय’ निवडा. रोज बोलणाऱ्या जोडप्याचे दोन वर्षांत 40,000 पेक्षा जास्त मेसेज सहज होतात, तेव्हा फाइलमधली पहिली तारीख कोणती आहे ते लगेच बघा. एक्स्पोर्टचा पर्याय चालतच नसेल तर चॅटच्या माहितीत `Advanced chat privacy` चालू आहे का ते पाहा. ती सोय एक्स्पोर्ट अडवते.

ही फाइल अर्जाला जोडायची नाही. ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही त्यात अक्षरं बदलू शकतं, त्यामुळे पुरावा म्हणून तिचं वजन कमी. तिचा उपयोग तुमच्यासाठी आहे. हवा तो प्रसंग शोधायला, तारखा ताडून बघायला, आणि पुढे खात्याने आणखी काही मागितलं तर हाताशी असायला.

थांबा: फोन बदलताना जुनं चॅट गेलं असेल तर घाबरू नका. संभाषणाची दुसरी प्रत जोडीदाराच्या फोनवर असते. तिथून एक्स्पोर्ट करा. सुरुवातीचं बोलणं इन्स्टाग्रामवर झालं असेल तर तिथल्या सेटिंगमधून तुमची माहिती डाउनलोड करता येते.

## 2. कॉन्टॅक्टचं नाव बदला, पण चॅटला हात लावू नका

फोनमध्ये नवऱ्याचं नाव ‘पिल्लू’ किंवा ‘अहो’ म्हणून सेव्ह असतं. स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत तेच दिसतं. हे पिल्लू म्हणजे स्पॉन्सरच, हे अधिकाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. स्क्रीनशॉट काढण्याआधी कॉन्टॅक्टचं नाव पासपोर्टप्रमाणे करा. नाव बदललं की जुन्या मेसेजवरही नवं नाव दिसतं. शिवाय नाव आणि फोन नंबर एकत्र दिसतील असा कॉन्टॅक्टच्या माहितीचा एक स्क्रीनशॉट घ्या. तो नंबर आणि अर्जात लिहिलेला नंबर एकच हवा.

बदल एवढाच. मेसेज डिलीट करणं, भांडणाच्या ओळी काढून टाकणं, फाइलसाठी म्हणून नवे प्रेमळ मेसेज पाठवणं यातलं काहीही करू नका. ‘This message was deleted’ अशा ओळी एकामागोमाग दिसल्या तर शंका नक्की येते. खोटी माहिती किंवा महत्त्वाची गोष्ट लपवणं सिद्ध झालं तर पाच वर्षांसाठी कॅनडाचं दार बंद होतं, आणि ती बंदी नंतरच्या प्रत्येक अर्जावर सावली टाकते. भांडण मात्र बेलाशक राहू द्या. दिवाळीत सुट्टी मिळाली नाही म्हणून रुसलेली बायको आणि तिसऱ्या दिवशी मिटलेलं भांडण, हे चॅट दहा ‘लव्ह यू’पेक्षा खरं वाटतं.

## 3. तारखांची पट्टी तयार करा

निवडीला बसण्याआधी एका कागदावर तुमच्या नात्याच्या तारखा लिहा. एक नमुना घेऊ. ओळख ऑक्टोबर 2022 मध्ये नातेवाइकांमार्फत, फेब्रुवारी 2023 मध्ये साखरपुडा, डिसेंबर 2023 मध्ये लग्न, 12 जानेवारी 2024 ला नवरा टोरांटोला परत, नोव्हेंबर 2024 मध्ये अर्ज.

आता `IMM 5532` हा फॉर्म शेजारी ठेवा. ओळख केव्हा आणि कशी झाली, पहिली भेट, लग्न, एकमेकांच्या घरच्यांची भेट हे सगळं त्यात विचारलेलं असतं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फॉर्ममध्ये आठवणीतून ‘पहिल्यांदा बोललो 20 ऑक्टोबरला’ असं लिहिलेलं असतं आणि चॅटमधला पहिला मेसेज 6 ऑक्टोबरचा निघतो. फरक निरुपद्रवी असतो, पण दोन कागद दोन गोष्टी सांगतात. अशा वेळी आठवण चुकीची धरा आणि फॉर्म दुरुस्त करा. चॅटच्या बाजूने कधीही जुळवाजुळव करायची नाही.

तपासा: चॅटमध्ये महिनाभराची पोकळी आहे का? नवरा भारतात आलेला असताना चॅट कमी होणारच, ते साहजिक आहे. पण कारण पट्टीवर लिहा: ‘या काळात एकत्र होतो’. कारण दिलेली पोकळी अडचणीची ठरत नाही.

## 4. दहा पानं वाटून घ्या

वरच्या नमुन्यातल्या जोडप्यासाठी मी अशी वाटणी करेन. पहिलं पान तारखांची पट्टी आणि ‘कोण कोण’ यांची यादी. दुसऱ्यावर पहिली ओळख. तिसऱ्यावर साखरपुड्याआधीचं बोलणं, चौथ्यावर लग्नाची तयारी. पाचवं पान नवरा परत गेला त्या आठवड्याचं. सहा ते नऊ ही चार पानं लांब राहण्याच्या काळाची, साधारण अडीच महिन्यांनी एक. दहावं पान कॉलच्या नोंदींचं. एकूण पाहिलं तर लग्नानंतरच्या काळाला सहा पानं मिळतात, लग्नाआधीच्या काळाला तीन.

‘कोण कोण’ची यादी आपल्याकडच्या जोडप्यांना फार उपयोगी पडते. चॅटमध्ये ‘आई’ म्हणजे कधी माहेरची, कधी सासूबाई. ‘ताई’ म्हणजे कधी नणंद, कधी शेजारची. चार ओळींत लिहून टाका. लग्नानंतर मुलीचं नाव किंवा आडनाव बदललं असेल आणि जुन्या चॅटमध्ये माहेरचं नाव असेल तर तेही इथेच सांगा, नाहीतर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या बायका वाटतात.

आता मेसेज कोणते घ्यायचे? मी एकच कसोटी लावते. हे बोलणं याच दोन माणसांत होऊ शकतं की कुठल्याही दोघांत? ‘जेवलीस का’, ‘हो, तू?’ हे कुठल्याही दोघांत होतं. ‘आईचं गुडघ्याचं ऑपरेशन 18 जुलैला ठरलंय, बाबा एकटे पडतील म्हणून मी पंधरा दिवस तुमच्याकडे राहायला जाते’ हे एकाच घरात होतं. त्यात सासर आहे, तारीख आहे, जबाबदारी आहे, आणि हॉस्पिटलच्या कागदाशी ते जुळवताही येतं. तिकीट काढण्याची चर्चा, पैसे पाठवले त्याचं बोलणं, खोली बदलताना ‘तू आल्यावर किचन मोठं लागेल’ असं म्हणणं, असे प्रसंग शोधा. दुसऱ्या एखाद्या कागदाला टेकलेला प्रसंग सगळ्यात भक्कम.

फक्त व्हिसाबद्दलचं बोलणं शक्य तितकं कमी ठेवा. एका जोडप्याच्या फाइलमध्ये निवडलेल्या पानांपैकी निम्म्यावर बायोमेट्रिक, मेडिकल आणि फीचीच चर्चा होती. त्यांना वाटलं, दोघं मिळून अर्ज करतोय हे दिसेल. पहिला प्रश्न आठवा, मग कळेल ही निवड उलटी का पडते. खासगी, जवळिकीचे मेसेज किंवा तसे फोटो अजिबात देऊ नका. त्यांची गरज नसते.

## 5. स्क्रीनशॉट: तारीख दिसलीच पाहिजे

व्हॉट्सॲप ताज्या मेसेजवर तारीख दाखवत नाही. ‘Today’, ‘Yesterday’, नाहीतर वाराचं नाव दाखवतं. पूर्ण तारीख आठवडा उलटल्यावर दिसायला लागते. म्हणून कालच्या चॅटचा स्क्रीनशॉट आज घेऊ नका, आठवडा जाऊ द्या.

जुना प्रसंग गाठायला चॅटमधल्या शोधाच्या पट्टीतलं कॅलेंडर वापरा, ते थेट त्या तारखेला नेतं. मग थोडं सरकवा म्हणजे तारखेची छोटी चौकट पडद्यावर येते, आणि वरची नावाची पट्टीही दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या. लांबलचक ‘स्क्रोल’ स्क्रीनशॉट टाळा. पानावर बसवताना अक्षरं मुंगीएवढी होतात आणि नाव एकदाच दिसतं. संभाषण दोन पडद्यांवर पसरलं असेल तर पहिल्याचा शेवटचा मेसेज दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा येऊ द्या. मधलं काही गाळलं नाही हे त्यावरून दिसतं.

थांबा: सगळे स्क्रीनशॉट एकाच फोनवरून घ्या आणि कोणाच्या फोनवरून घेतले ते पहिल्या पानावर लिहा. कारण फोन आपापल्या देशाची वेळ दाखवतो. टोरांटो भारतापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. नमुन्यातल्या नवऱ्याचं विमान 12 जानेवारीला दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी टोरांटोला उतरलं. तेव्हा साताऱ्यात 13 तारीख लागून चाळीस मिनिटं झाली होती. बायकोच्या फोनवरून केलेल्या एक्स्पोर्टमध्ये ते बोलणं असं दिसतं (नावांच्या जागी मी `Patni` आणि `Pati` घातलं आहे):

```
13/01/2024, 00:52 - Patni: pohochlas ka?
13/01/2024, 00:53 - Patni: aai pan jagya ahet ajun
13/01/2024, 01:04 - Pati: ho, bag chi vaat baghtoy
```

तिकिटावर 12 तारीख, चॅटमध्ये 13. ‘वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार, हा स्क्रीनशॉट पत्नीच्या साताऱ्यातल्या फोनवरून’ एवढी ओळ लिहिली की हीच तफावत तुमच्या बाजूने बोलते. नाही लिहिली तर कोणीतरी गोंधळात पडतं.

खाते क्रमांकासारखी माहिती झाकायची असेल तर शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाका. मेसेजच्या मेसेज काळे करू नका. तेवढं झाकायची वेळ येत असेल तर दुसरा प्रसंग निवडा.

## 6. भाषांतर: रोमन अक्षरातली मराठी ही मराठीच

वरच्या तीन ओळी पुन्हा बघा. अक्षरं इंग्रजी आहेत, म्हणून भाषांतर लागणार नाही असं अनेकांना वाटतं. अधिकाऱ्याला ‘vaat baghtoy’ कळणार नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर लागतं, मग लिपी कुठलीही असो. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी असेल तर मराठी भागाचं करा.

भाषांतर तुम्ही दोघांनी करायचं नाही, घरातल्यांनीही नाही. आई-वडील, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडं, सगळे यात येतात. मामेबहीण इंग्रजीची प्राध्यापक असली तरी तिचं भाषांतर चालत नाही. भाषांतरकार कॅनडातला प्रमाणित नसेल तर त्याने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे. प्रतिज्ञापत्रात पानांचे क्रमांक लिहिलेले असावेत, म्हणजे कोणत्या पानांबद्दल ते आहे याला वाद उरत नाही.

भाषांतरकाराकडे सुटे स्क्रीनशॉट पाठवू नका. आधी पानं लावा: वर दोन स्क्रीनशॉट, खाली भाषांतराची जागा, प्रत्येक मेसेजला छोटा क्रमांक. मूळ आणि भाषांतर एकाच पानावर आलं की वाचणाऱ्याची नजर पानं उलटत फिरत नाही, आणि दहाची मर्यादाही पाळली जाते. भाषांतर सजवू नये हे भाषांतरकाराला सांगा. ‘ho, bag chi vaat baghtoy’ याचं ‘होय, मी सामानाची वाट पाहतो आहे’ एवढंच इंग्रजी व्हावं. ‘जागी’ऐवजी ‘जाग्या’ म्हणजे ती सासूबाईंबद्दल बोलते आहे, हा आदरार्थी प्रयोग इंग्रजीत उतरत नाही. तिथे ‘कोण कोण’ यादीतला क्रमांक द्या.

तपासा: आधी निवड पूर्ण, मग भाषांतर. उलट केलं तर पान बदललं की भाषांतर, प्रतिज्ञापत्र आणि नोटरी सगळं पुन्हा करावं लागतं.

## 7. कॉलचं पान

बरीच जोडपी बोलतात जास्त, लिहितात कमी. एक्स्पोर्टमध्ये कॉलच्या नोंदी भरवशाने येत नाहीत, म्हणून चॅटमध्येच दिसणाऱ्या कॉलच्या चौकटींचे स्क्रीनशॉट घ्या, जिथे कालावधीही दिसतो. सलग एक आठवडा दाखवण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या महिन्यांतले दोन-दोन दिवस दाखवा. फोनमधले जुने कॉल कालांतराने यादीतून जातात, तेव्हा दर महिन्याला एकदा हे काढून ठेवायची सवय लावा.

## 8. जोडणी आणि शेवटची नजर

सगळी पानं तारखेच्या क्रमाने एका पीडीएफमध्ये आणा, प्रत्येक पानावर ‘10 पैकी 3’ असा क्रमांक आणि वर एका ओळीत प्रसंग लिहा: ‘जुलै 2024, सासूबाईंचं ऑपरेशन’. अर्थात हे इंग्रजीत. पोर्टल फाइलच्या आकाराची मर्यादा दाखवतं. ती ओलांडली म्हणून फाइल दाबली तर दाबलेली फाइल पुन्हा उघडून अक्षरं वाचता येतात का ते बघा. फोनवर नाही, संगणकावर, मोठं न करता.

मग तुम्हाला दोघांनाही न ओळखणाऱ्या एखाद्याला ती दहा पानं द्या आणि तीन गोष्टी विचारा. हे दोघं कसे भेटले, लग्न केव्हा झालं, सध्या कोण कुठे राहतं? उत्तरं फॉर्मशी जुळली तर फाइल जोडायला हरकत नाही. जिथे ती व्यक्ती अडखळेल तिथे एक ओळ कमी आहे असं समजा.

अर्ज गेल्यावर जुना फोन विकू नका, चॅट साफ करू नका आणि दर महिन्याचा एक्स्पोर्ट चालू ठेवा. शंका असेल तर खातं पत्र पाठवून खुलासा मागतं किंवा मुलाखतीला बोलावतं. त्या वेळी अर्ज भरल्यानंतरच्या महिन्यांचं चॅट मागितलं जाऊ शकतं. पत्रात उत्तराची मुदत दिलेली असते, आणि भाषांतर व नोटरीसाठी लागणारे दिवस त्यातूनच काढायचे असतात.